जुना सोफा विकताना: फोटो, झीज आणि रास्त किंमत

वापरलेल्या सोफ्याची जाहिरात लिहिणारा माणूस अनेकदा त्या सोफ्यासमोर नसतो. आईवडील पुण्यात घर बदलत असतात, मुलगी हैदराबादला असते. फोटो व्हॉट्सअॅपवर येतात आणि त्यांच्यावरून चार ओळी लिहायच्या असतात. पलीकडे विकत घेणाऱ्याच्या हातातही तेच फोटो आणि त्याच चार ओळी असतात. म्हणून अशा जाहिरातीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: फोटोत जे दिसते ते, आणि फोटोत जे दिसूच शकत नाही, म्हणून विचारून घ्यावे लागते ते. या दोन्हींची सरमिसळ झाली की जाहिरात खोटी ठरते, मग लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

दोष लपवले तर किंमत जास्त येते, ही समजूत सार्वत्रिक आहे. अनुभव मात्र बहुधा उलटा येतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याचे कारण मांडले. पुढे २००१ साली मिळालेल्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात ते एक मानकरी होते. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा प्रत्येक गाडी वाईट असू शकते असे धरूनच भाव सांगतो, आणि चांगल्या गाडीच्या मालकालाही त्या संशयाची किंमत मोजावी लागते. सोफ्याचेही तसेच होते. ‘उत्तम स्थितीत, जवळजवळ नवा’ असे वाक्य वाचून घेणारा मनातल्या मनात ढेकूण, बसलेला फोम आणि मोडकी फ्रेम या सगळ्यांचे पैसे वजा करतो. हातावरचा चार सेंटीमीटरचा विरलेला पट्टा मोजपट्टीसह दाखवला, तर तो फक्त त्या पट्ट्याचेच पैसे वजा करतो.

सुरुवात फोटोंपासून होते. समोरून काढायचा फोटो माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतला तर बैठक चपटी आणि पाय आखूड दिसतात. कमरेच्या उंचीवरून, तीन-चार मीटर मागे जाऊन घेतला तर प्रमाण खरे येते. खोली लहान आहे म्हणून फोनची वाइड लेन्स वापरण्याचा मोह होतो, पण ती लेन्स चौकटीच्या कडांकडचा भाग ताणते आणि साडेसहा फुटांचा सोफा आठ फुटांचा वाटू लागतो. घेणारा प्रत्यक्ष येतो तेव्हा पहिली निराशा इथेच होते. रंगाचेही असेच आहे. पिवळ्या दिव्याखाली राखाडी कापड बदामी दिसते. दिवसा, दिवे बंद करून, खिडकीच्या उजेडात फोटो काढावा आणि निदान एका फोटोत सोफ्यावर पांढरा कागद ठेवावा. कागद फोटोत पिवळसर किंवा निळसर दिसला तर कापडाचा रंगही तितकाच चुकलेला आहे, हे दूर बसलेल्या लिहिणाऱ्याला लगेच कळते. फोनमधली रंग उजळवणारी किंवा पृष्ठभाग गुळगुळीत करणारी सोय बंद असावी.

दोष टिपायला मात्र समोरचा सपाट उजेड उपयोगाचा नाही. खिडकी सोफ्याच्या एका बाजूला असेल तर तिरप्या उजेडात बैठकीतले खळगे सावलीने उठून दिसतात. फ्लॅश मारला की हेच खळगे नाहीसे होतात, म्हणून सगळे फोटो फ्लॅशचे असतील तर जाणकार घेणारा आधीच सावध होतो. प्रत्येक दोषाचे दोन फोटो हवेत: एक लांबून, दोष सोफ्यावर नेमका कुठे आहे हे दाखवणारा, दुसरा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. नुसता जवळचा फोटो असेल तर नखाएवढा डागही भला मोठा वाटतो, आणि नुसता लांबचा असेल तर तळहाताएवढा डागही दिसत नाही. हे फोटो घरातल्या घरात एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले तर ते आकसले जातात आणि कापडाची वीण पुसट होते. फाइल म्हणून जोडले तर मूळ तपशील टिकतो.

फोटो हातात आले की त्यांचे वाचन करायचे असते, आणि सगळ्यात आधी पाहायचे ते कापड. कापडावर दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे झीज नव्हे. धूळ आणि हाताच्या तेलाने आलेला काळपटपणा बहुधा धुऊन निघतो. तो ‘मळ’ असाच लिहावा, पण काही दिसत नाही असे लिहू नये. डाग वेगळा: त्याचे कारण माहीत असेल तर ते लिहावे, कारण चहाचा डाग आणि शाईचा डाग यांत घेणाऱ्याच्या दृष्टीने बराच फरक आहे. रंग उडणे हे उन्हाचे काम असते आणि ते ओळखायची सोपी खूण म्हणजे गादी उचलून खालचे कापड पाहणे. झाकलेल्या भागाचा रंग गडद आणि उघड्या भागाचा फिका असेल तर तो रंग धुऊन परत येणार नाही. कापडावर बारीक गोळे आले असतील तर ते दिसायला वाईट, पण कापड अजून भक्कम असू शकते. कापड विरले असेल तर उभे-आडवे धागे सुटे दिसू लागतात. तिथे पुढच्या वर्ष-दोन वर्षांत भोक पडणार हे गृहीत धरावे लागते. शिवण उसवली असेल तर कारागीर ती थोड्या पैशांत घालून देतो. कापड शिवणीपासून दूर, मधेच फाटले असेल तर तो पूर्ण तुकडा बदलावा लागतो आणि तेच कापड पाच वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही. म्हणून जाहिरातीत ‘थोडे फाटले आहे’ हे वाक्य पुरत नाही. उसवले की फाटले, हे सांगणे घेणाऱ्याच्या खर्चाच्या अंदाजासाठी अत्यावश्यक आहे.

रेक्झिनच्या सोफ्याला वेगळा न्याय लावावा लागतो. अशा सोफ्याचे वरचे आवरण अनेकदा पॉलियुरेथेनचा पातळ थर असते आणि तो थर विणलेल्या कापडावर चिकटवलेला असतो. हवेतल्या दमटपणाने आणि उष्णतेने हा थर रासायनिकरीत्या तुटत जातो. आधी बारीक भेगा येतात, मग पापुद्रे सुटतात आणि घरभर काळे कण पडू लागतात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या हवेत हे फार लवकर घडू शकते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की एकदा पापुद्रे सुटू लागले की ते थांबत नाहीत. वरून रंग किंवा गोंद लावून ते काही आठवडे झाकता येते, एवढेच. फोटोत एका हातावर नाण्याएवढा पापुद्रा सुटलेला दिसत असेल तर ‘एका ठिकाणी किंचित सुटले आहे’ असे लिहिणे अर्धसत्य ठरते. ‘रेक्झिन सुटायला सुरुवात झाली आहे, पुढे आवरण बदलावे लागेल’ हे खरे वाक्य. अशा सोफ्याची किंमत आवरणासह लावता येत नाही. ती फ्रेम आणि फोमची किंमत असते. सुटलेल्या पापुद्र्याखाली विणलेले कापड दिसत असेल तर त्या आवरणाला ‘लेदर’ म्हणू नये. अखंड कातड्याखाली विणलेले कापड नसते. त्याची मागची बाजू तंतुमय, खरखरीत असते. विकणाऱ्याला स्वतःलाच खात्री नसेल तर ‘लेदरसारखे आवरण’ हा शब्दप्रयोग प्रामाणिक आहे.

कापडानंतर बैठक. बैठक खोल गेली आहे हे फोटोत दिसते, पण का गेली हे दिसत नाही. कारणे तीन असतात आणि त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात मोठे अंतर असते. पहिले, फोम थकलेला असतो. दुसरे, फोमखालचे ताणपट्टे सैलावलेले असतात किंवा नागमोडी स्प्रिंग सुटलेल्या असतात. तिसरे, खालची लाकडी पट्टी तडकलेली असते. गाद्या सुट्या असतील तर हे शोधायला पाच मिनिटे पुरतात. खोल गेलेल्या जागेची गादी उचलून दुसऱ्या जागी ठेवायची आणि तिथली इकडे आणायची. खळगा गादीबरोबर हलला तर दोष फोमचा. खळगा जागच्या जागी राहिला तर दोष खालचा. मग गादी काढून तळ हाताने दाबून पट्टे, स्प्रिंग आणि लाकूड पाहायचे. खळगा किती आहे हेही मोजता येते. बैठकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ काठी किंवा पडद्याचा दांडा आडवा ठेवायचा आणि त्याच्यापासून गादीच्या सगळ्यात खोल भागापर्यंतचे अंतर पट्टीने घ्यायचे. ‘उजवी बैठक ३.५ सेंटीमीटर बसली आहे’ हे वाक्य ‘थोडीशी मऊ झाली आहे’ यापेक्षा शंभरपट उपयोगी आहे.

फोमच्या बाबतीत जाहिरातींत सगळ्यात जास्त खोटे लिहिले जाते, बहुतेकदा न कळत. दुकानदाराने विकताना ‘४० डेन्सिटी’ सांगितलेले असते आणि तेच पुढे चालत राहते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन, त्यामुळे ती घरी पडताळता येते. गादीला चेन असेल तर आतला फोम बाहेर काढून, त्याभोवतीचा कापसासारखा थर बाजूला करून, त्याचे वजन करायचे आणि लांबी-रुंदी-जाडी मोजायची. २२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि ५ इंच जाड तुकड्याचे घनफळ सुमारे ०.०४ घनमीटर भरते. तो ३२ डेन्सिटीचा असेल तर वजन सव्वा किलोच्या थोडे वर येईल, ४० डेन्सिटीचा असेल तर १ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास. किलोभरसुद्धा भरला नाही तर फोम हलका आहे. तुकड्यांचा दाबून केलेला रंगीबेरंगी फोम यापेक्षा खूप जड असतो. त्याला हा हिशेब लागू नाही. डेन्सिटी म्हणजे कडकपणाही नव्हे, कारण जड फोम मऊ असू शकतो. जड फोम साधारणपणे जास्त वर्षे आकार धरतो, एवढेच त्यातून कळते. वजन करणे शक्य नसेल तर डेन्सिटीचा उल्लेखच करू नये.

फ्रेमसाठी एक जुनी कसोटी आहे. सोफ्याचा पुढचा एक पाय जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटर उचलायचा. तोपर्यंत पुढचा दुसरा पायही वर आला असेल तर सांगाडा ताठ आहे. दुसरा पाय जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळला जातो आहे, म्हणजे सांधे सैल आहेत. याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून जाहिरातीला जोडला तर तो कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त बोलतो. लाकूड कोणते हे फोटोवरून ठरवू नये. साग, साल, पाइन, प्लायवूड यांतले काय आहे ते बिलावर असेल तर लिहावे, नाहीतर सोफा उलटा करून खालचे काळे कापड थोडे सोडवून आत पाहावे.

आता जे फोटोत येतच नाही ते. वास, करकर आणि कीड या तीन गोष्टी फोनवर विचारूनच कळतात. पावसाळ्यात बंद घरात राहिलेल्या सोफ्याला कुबट वास येतो आणि घरच्या माणसांना त्याची सवय झालेली असते, म्हणून हा प्रश्न घरच्यांपेक्षा शेजाऱ्याला विचारलेला बरा. ढेकणांच्या खुणा शिवणींच्या आत, गादीच्या कडेच्या दोरीखाली आणि तळाच्या कापडाच्या घडीत काळ्या ठिपक्यांच्या रूपात सापडतात. रिकाम्या घरात सोफा पडून होता म्हणजे ढेकूण मेले असतील, हे खरे नाही. अन्नावाचून ते कित्येक महिने जगू शकतात. ढेकूण असतील तर सोफा विकू नये. ही सूट देऊन भागणारी गोष्ट नाही, कारण नुकसान एका सोफ्यापुरते राहत नाही, घेणाऱ्याचे सगळे घर त्यात येते. लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखा बारीक भुसा असेल तर लाकूड पोखरणारी कीड आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. घरात मांजर-कुत्रे आहे का, कुणी सिगारेट ओढते का, हेही विचारून लिहावे. दम्याच्या रुग्णाला ही माहिती किमतीपेक्षा महत्त्वाची असते.

एवढे केल्यावर झीज लिहिण्याची रीत सोपी होते. प्रत्येक दोषाची जागा, माप आणि त्याचा वापरावर होणारा परिणाम, या क्रमाने एकेक वाक्य लिहायचे. जागा सांगताना डावे-उजवे यांचा घोळ हमखास होतो: बसलेल्या माणसाचे उजवे समोरून पाहणाऱ्याचे डावे असते. म्हणून सुरुवातीलाच ‘डावे-उजवे समोरून पाहताना’ असे लिहून टाकावे. दोष मोठ्यापासून लहानाकडे लिहावेत. चार किरकोळ ओरखडे आधी आणि बसलेला फोम शेवटी असा क्रम लावणे म्हणजे खरे सांगूनही लपवणेच. जे तपासले नाही तेही तसेच नोंदवावे: ‘फोमची डेन्सिटी तपासलेली नाही.’

कायद्याचे थोडेसे. वस्तू विक्री अधिनियम १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही अट न लिहिताही करारात असते. कलम १६ मात्र सांगते की गुणवत्तेची हमी साधारणपणे गृहीत धरली जात नाही. त्याला असलेले अपवाद मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्याला लागू होतात. म्हणजे घरचा सोफा विकणारा माणूस तो सोफा दहा वर्षे टिकेल अशी हमी देत नाही, पण ‘सागवानी’ लिहिले असेल तर तो सागाचाच हवा. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७ नुसार नुसते गप्प राहणे ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही, पण ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून लपवणे ठरते. उसवलेल्या जागेवर उशी ठेवून फोटो काढणे या दुसऱ्या प्रकाराच्या फार जवळ जाते.

राहिली किंमत. समजा, वर उल्लेख केलेला सोफा पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. तीन माणसांचा, राखाडी कापडाचा, पाच वर्षांपूर्वी ३६,००० रुपयांना घेतलेला; बिल आहे. फोटोंत उजवी आणि मधली बैठक खाली गेलेली दिसली, उजव्या हाताच्या पुढच्या टोकाला कापड विरलेले दिसले, खिडकीकडची पाठ फिकी दिसली. फोनवर गाद्यांची अदलाबदल करून पाहिली तेव्हा खळगा गादीबरोबर हलला, म्हणजे फोम थकलेला आहे आणि खालचे पट्टे शाबूत आहेत. काठी लावून मोजल्यावर उजवीकडे ३.५, मध्ये २ आणि डावीकडे १ सेंटीमीटर खोली आली. फोमचा तुकडा सव्वा किलो भरला.

विकणारा बहुतेक वेळा बिलाच्या रकमेपासून सुरुवात करतो आणि इथेच चुकतो. घेणाऱ्याला त्या ३६,००० शी देणेघेणे नसते. तो आज नवा घेतला तर किती पडेल याच्याशी तुलना करतो. बिलाचा उपयोग वय आणि कंपनी सिद्ध करण्यापुरता. तेव्हा हिशेब घेणाऱ्याच्या बाजूने करावा. तसाच नवा सोफा आज घरपोच ४२,००० ला मिळतो असे धरू. या दर्जाचा सोफा मधे एकदा फोम बदलून दहा वर्षे चालेल असे मानले तर निम्मे आयुष्य उरले: २१,०००. दोन गाद्यांचा फोम आणि हातावरचा कापडाचा तुकडा बदलायला कारागिराने ४,५०० सांगितले: उरले १६,५००. टेम्पो आणि जिना उतरवणारे दोन हमाल मिळून २,५००: उरले १४,०००. आता नव्या वस्तूबरोबर मिळणाऱ्या ज्या गोष्टी इथे नाहीत त्यांची वजावट: हमी नाही, परत करता येत नाही, रंग निवडता येत नाही, जाऊन पाहण्यात एक दिवस मोडतो. यासाठी सुमारे पाचवा हिस्सा सोडला तर ११,२०० राहतात. दोष नीट मोजून दाखवले असतील तर ही शेवटची वजावट पाचव्या हिश्श्यावर थांबवता येते. दाखवले नसतील तर घेणारा ती स्वतःच्या भीतीप्रमाणे ठरवतो.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येक शहरात टेम्पोचे आणि कारागिराचे दर वेगळे असतात आणि ते फोन करूनच घ्यावे लागतात. दहा वर्षांचे आयुष्यही सगळ्यांना सारखे लागू नाही: सागाच्या फ्रेमचा सोफा आवरण बदलत बदलत वीस वर्षेही चालतो, तर पापुद्रे सुटलेल्या रेक्झिनच्या सोफ्याचे आयुष्य त्याच दिवशी नव्याने मोजावे लागते.

हिशेबाने आलेला आकडा बाजाराशी ताडून पाहावा. त्याच शहरातल्या, त्याच वयाच्या आणि त्याच प्रकारच्या सोफ्यांच्या आठ-दहा जाहिराती पाहाव्यात, पण एक गोष्ट विसरू नये: तिथे दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. महिनाभर तशीच पडून असलेली जाहिरात एवढेच सांगते की त्या भावाला कुणी तयार नाही. दोन आठवडे रोज नजर ठेवली तर कोणत्या आकड्याच्या जाहिराती लवकर नाहीशा होतात हे दिसते, आणि खरा भाव त्यांच्या आसपास असतो. खालची मर्यादा जुन्या फर्निचरच्या दुकानदाराला विचारून कळते. त्याला दुरुस्ती, जागेचे भाडे आणि नफा काढायचा असल्याने तो घरगुती गिऱ्हाइकापेक्षा बराच कमी सांगतो. आपल्या उदाहरणात तो ५,००० म्हणाला, असे समजू.

आपल्याकडे घासाघीस होणारच, म्हणून हिशेबाच्या किमतीवर दहा-पंधरा टक्के ठेवून १२,५०० मागावेत आणि १०,५०० ला थांबायचे हे घरात आधीच ठरवावे. तीस टक्के चढवून मागितले तर ज्यांना हा सोफा खरेच परवडतो ते शोधातच गाळले जातात, कारण लोक किमतीची मर्यादा घालूनच शोधतात. घर महिनाअखेर सोडायचे असेल तर तारीख हीसुद्धा एक किंमत असते. दहा दिवसांत विचारणा आली नाही तर हजाराने उतरावे, आणि शेवटच्या आठवड्यात दुकानदाराच्या आकड्याच्या वर जे मिळेल ते घ्यावे. पावसाळ्यात टेम्पोवर ताडपत्री नसेल तर सोफा भिजतो, म्हणून तेव्हा घेणारे वाहतुकीच्या नावाने आणखी वजा करतात.

सगळे एकत्र केले की जाहिरात अशी होते:

‘तीन आसनी सोफा, राखाडी कापड, पाच वर्षे वापरलेला, मूळ बिल आहे. लांबी ६ फूट ६ इंच, खोली ३३ इंच, उंची ३४ इंच. पाय काढता येतात. डावे-उजवे समोरून पाहताना. उजव्या बैठकीचा फोम ३.५ सेंमी आणि मधल्याचा २ सेंमी बसला आहे, त्यामुळे तिथे बसल्यावर खोल जाणवते. डावी बैठक जवळजवळ सरळ आहे. खालचे पट्टे तपासले, शाबूत आहेत. उजव्या हाताच्या पुढच्या टोकाला ४ बाय २ सेंमी जागेत कापड विरून धागे दिसतात, भोक नाही. खिडकीकडच्या पाठीचा रंग उडाला आहे, तो धुऊन परत येणार नाही. गाद्यांची कव्हरे चेनची आहेत, धुता येतात. फ्रेम उचलून पाहिल्याचा व्हिडिओ सोबत. फोम वजनावरून सुमारे ३२ डेन्सिटीचा. ढेकूण, वाळवी नाही, वास नाही. घरात पाळीव प्राणी नाही, कुणी सिगारेट ओढत नाही. फोम आणि हाताच्या दुरुस्तीला कारागिराने ४,५०० रुपये सांगितले आहेत, किंमत ते धरूनच ठरवली आहे: १२,५०० रुपये, थोडे कमी-जास्त होईल. कोथरूड, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिना ३ फूट रुंद. टेम्पो आणि हमाल घेणाऱ्याने आणायचे. महिनाअखेरपर्यंत न्यावा लागेल.’

यात एकही विशेषण कौतुकाचे नाही आणि त्याची गरजही भासत नाही. मापांची ओळ विशेष महत्त्वाची आहे. घेणाऱ्याचा दरवाजा किंवा जिन्याचे वळण अरुंद निघाले तर सोफा खालीच अडकतो आणि ठरलेला व्यवहार हमालांसमोर मोडतो. सोफा दारातून आडवा करून नेता येतो का, हे ठरवायला उंची आणि खोली यांतले लहान माप लागते, म्हणून तिन्ही मापे द्यावीत. फोटोंचा क्रमही जाहिरातीच्या मजकुराप्रमाणेच ठेवावा: आधी पूर्ण सोफा समोरून, मग दोन्ही बाजू आणि पाठ, मग दोष ज्या क्रमाने लिहिले आहेत त्या क्रमाने, शेवटी तळ आणि बिल. बिलावरचा पत्ता आणि फोन नंबर झाकून घ्यावा.

जाहिरात लागली की पहिल्या तासाभरात येणाऱ्या संदेशांत एखादा ‘न पाहताच घेतो, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा निघू शकतो. यूपीआयने पैसे घ्यायला स्कॅन करावे लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही; पिन पैसे देताना लागतो. जुने सामान विकणाऱ्यांना लुबाडण्याची ही जुनी चाल आहे आणि घरी एकटे असलेल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच नीट सांगून ठेवायला हवे.

खरा घेणारा येतो तेव्हा तो सोफ्यावर बसतो, गाद्या उलटतो, वाकून खाली पाहतो. अशा वेळी जाहिरातीत न लिहिलेले काही सापडू शकते: मागच्या पायाला चीर, किंवा गादीची चेन अडकणे. ते मान्य करून त्याच्या दुरुस्तीइतकी रक्कम तिथेच कमी करावी, कारण मूळ किंमत तो दोष न धरता लावलेली होती. जाहिरातीत लिहिलेल्या दोषावर मात्र दुसऱ्यांदा सूट देण्याचे कारण नाही; तो आधीच वजा झालेला आहे आणि तसे लिहूनही ठेवले आहे. त्या माणसाने सोफा घेतला नाही तर नव्याने सापडलेला दोष त्याच दिवशी फोटो आणि मापासह जाहिरातीत चढवावा आणि मागितलेली किंमत तेवढ्याने बदलावी.